ऑनलाइन तासाला माइक, कॅमेरा, हात आणि स्क्रीन : शॉर्टकट दाबूनही लागत नाही तेव्हा काय घडत असतं

आठवीच्या संध्याकाळच्या तासाला मी पेशीअंगकांच्या स्लाइड दाखवत होते. माझा माइक बंद होता आणि एका मुलीनं चॅटमध्ये विचारलं, "मॅडम, रिक्तिका म्हणजे रिकामी पिशवी का?" झूममध्ये माइक बंद असताना स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता आवाज सुरू होतो, हे मला ठाऊक होतं. मी स्पेसबार दाबून धरला आणि बोलायला लागले. समोर सहाव्या स्लाइडची सातवी झाली, आठवी झाली, आणि माझं वाक्य संपेपर्यंत पडद्यावर मोठ्या अक्षरांत "धन्यवाद" आलं. मुलांना वाटलं तास संपला. चार जण बाहेर पडलेसुद्धा. माझा आवाज मात्र कुणालाच गेला नव्हता.

स्पेसबार बिघडलेला नव्हता आणि झूमचंही काही चुकलं नव्हतं. त्या क्षणी माझ्या हाताखाली पॉवरपॉइंट होतं आणि पॉवरपॉइंटच्या भाषेत स्पेस म्हणजे पुढची स्लाइड. दाबून धरला, तर पुढची, त्याच्या पुढची, त्याच्याही पुढची. शॉर्टकटची यादी पाठ असूनही बहुतेक शिक्षकांची गाडी अडते ती इथं. म्हणून या लेखात यादी छोटी ठेवली आहे आणि ती कुठे लागते, कुठे लागत नाही यावर जास्त लिहिलं आहे. उदाहरण विंडोज लॅपटॉपवरच्या झूमचं घेतलं आहे, शेवटी गूगल मीटचंही सांगते, कारण बऱ्याच शाळांचे तास तिथे होतात.

एवढ्या सहा जोड्या पुरतात

झूममध्ये शॉर्टकट तीसहून जास्त आहेत. मी मुख्यतः सहा वापरते आणि त्यांतलेही रोज लागणारे तीन. खालची चिठ्ठी वहीच्या कागदावर लिहून लॅपटॉपच्या पडद्याखाली चिकटवा. आठवडाभरानं ती काढून टाकता येते.

```
Alt+A   माझा माइक सुरू / बंद
Alt+V   माझा कॅमेरा सुरू / बंद
Alt+Y   हात वर / खाली
Alt+S   स्क्रीन शेअर सुरू / बंद
Alt+T   शेअर गोठवणे / पुन्हा चालू
Alt+M   होस्ट सोडून सगळ्यांचे माइक बंद
```

दाबायची पद्धत अशी: Alt दाबून धरायचं, अक्षराला एकदाच टिचकी मारायची, मग दोन्ही सोडायचे. Shift लागत नाही. चिठ्ठीवर मोठं A लिहिलं असलं तरी कॅप्स लॉक लावायची गरज नाही. शेवटचा Alt+M फक्त होस्टला चालतो, म्हणजे ज्यानं मीटिंग सुरू केली त्यालाच. तुम्ही प्रशिक्षणाला पाहुणे म्हणून गेला असाल तर तो दाबून काहीच होणार नाही.

की कुणाकडे जाते?

लॅपटॉपवर पाच-सहा खिडक्या उघड्या असल्या तरी एका वेळी एकच खिडकी जागी असते. तुम्ही शेवटचं क्लिक जिथं केलं ती. कीबोर्डवर जे दाबाल ते तिच्याकडे जातं, बाकीच्यांच्या कानावरही पडत नाही. झूमची खिडकी जागी असेल तर Alt+A नं माइक बदलतो. तीच की एक्सेल जागं असताना दाबली तर वरची Data ची पट्टी उघडते. स्लाइड शो चालू असताना स्पेसचं काय होतं ते वर सांगितलंच. पीडीएफमध्ये तोच स्पेस पान खाली सरकवतो, यूट्यूबवर व्हिडिओ थांबवतो आणि झूमच्याच चॅटच्या चौकटीत कर्सर असेल तर तिथे मोकळी जागा टाइप होते.

आता गंमत पाहा. शॉर्टकटची गरज सगळ्यांत जास्त कधी असते? स्क्रीन शेअर चालू असताना, कारण तेव्हा झूमची बटणं पडद्याच्या वरच्या कडेला लपलेली असतात. आणि झूमची खिडकी जागी नसते ती नेमकी तेव्हाच, कारण तुम्ही स्लाइडमध्ये किंवा पीडीएफमध्ये असता.

यावर झूमनं सोय ठेवली आहे आणि ती एकदाच करून ठेवायची आहे. झूम उघडा, मीटिंग सुरू करायची गरज नाही. उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर किंवा दातेरी चाकावर क्लिक करून Settings मध्ये जा. डावीकडच्या यादीत Keyboard Shortcuts शोधा. तिथे सगळे शॉर्टकट एकाखाली एक दिसतात आणि त्यांच्यासमोर Enable Global Shortcut नावाची चौकट असते. जिच्यात खूण कराल तो शॉर्टकट, कुठलीही खिडकी जागी असली तरी, थेट झूमकडे जाईल.

सगळ्या चौकटींत खुणा करू नका. हा मोह होतो, मलाही झाला होता. Alt+H हा झूममध्ये चॅट उघडतो, पण वर्ड आणि एक्सेलमध्ये तो Home ची पट्टी उघडतो. तो झूमला देऊन टाकला तर वर्डमध्ये काम करताना दर वेळी चॅट उघडत बसेल. माझ्याकडे Alt+A, Alt+V आणि Alt+T एवढ्या तिघांनाच खूण आहे. तुम्ही तासाला एक्सेलमध्ये कीबोर्डनं काम करत असाल आणि Alt+A ची अडचण होत असेल, तर त्याच यादीत त्या शॉर्टकटवर क्लिक करून दुसरी जोडी दाबा. ती नोंदली जाते. मात्र चिठ्ठीवरही बदला.

स्पेसबार मात्र फक्त झूमची खिडकी जागी असतानाच ऐकतो. म्हणून नियम असा ठेवला आहे: समोर मुलांचे चेहरे असतील तर स्पेस, समोर स्लाइड असतील तर Alt+A.

माइक: दाबण्याआधी बघायचं

Alt+A मध्ये एक खोच आहे. सुरू करायलाही तोच आणि बंद करायलाही तोच. म्हणजे आत्ता काय स्थिती आहे ते माहीत नसताना दाबला, तर हवं त्याच्या नेमकं उलट होऊ शकतं. "बंद आहे का? दाबून ठेवू" म्हणून दाबला आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी बत्तीस घरांत गेली, असं होतं.

स्थिती ओळखायला डाव्या बाजूचं माइकचं चित्र बघायचं. त्यावर तांबडी तिरकी रेघ असेल तर बंद. रेघ नसेल आणि तुम्ही बोलताना चित्रात हिरवा रंग खालून वर चढत-उतरत असेल तर आवाज खरोखर जातो आहे. रेघ नाही, पण हिरवंही काही हलत नाही, तर झूम ऐकायला तयार आहे, पण त्याच्यापर्यंत आवाज पोचतच नाही. याची कारणं साधारण दोन असतात. एक म्हणजे काही लॅपटॉपवर माइक बंद करायची वेगळी की असते, वरच्या F च्या ओळीत, छोट्या माइकचं चित्र असलेली. बोट चुकून तिच्यावर पडतं, तिच्यावरचा दिवा लागतो, आणि झूममध्ये मात्र माइक सुरूच दिसत राहतो. दुसरं म्हणजे इअरफोन लावल्यावर किंवा काढल्यावर झूम भलताच माइक धरून बसतं. माइकच्या चित्राशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की माइकची नावं दिसतात, त्यांतला बरोबर निवडायचा. Alt+A शंभर वेळा दाबून ही दोन्ही दुखणी जात नाहीत, कारण दुखणं त्या बटणाचं नाहीच.

माइक बंद असताना तुम्ही बोलायला लागलात तर झूम स्वतःच पडद्यावर सांगतं की तुम्ही म्यूट आहात, Alt+A दाबा. स्लाइड शो पडदाभर असेल तर ही सूचना नजरेतून निसटू शकते. म्हणून वर्गात एका मुलाला रोज हे काम देते: आवाज गेला की चॅटमध्ये फक्त "आवाज" एवढं लिहायचं. बत्तीस जणांनी एकदम "मॅडम आवाज येत नाहीये" म्हणण्यापेक्षा ते बरं.

मुलांच्या बाजूचं थोडं. Alt+M दाबला की सगळ्यांचे माइक बंद होतात, पण त्यानंतर ती स्वतः सुरू करू शकतात की नाही, हे वेगळं ठरतं. त्यासाठी Participants च्या पट्टीतलं Mute All बटण वापरा. ते दाबल्यावर एक प्रश्न येतो आणि त्याखाली Allow Participants to Unmute Themselves अशी चौकट असते. मी व्याख्यानाच्या भागात ती खूण काढते, शंकांच्या भागात परत देते. आणि एक गोष्ट कुठल्याच शॉर्टकटनं होत नाही: एखाद्या मुलाचा माइक तुम्ही परस्पर सुरू करू शकत नाही. Ask to Unmute नं त्याला फक्त विनंती जाते, "हो" त्यानं म्हणायचं. आवाज देऊनही एखादा बोलत नसेल तर रागावण्याआधी हे लक्षात घ्या. त्याच्या फोनवर ती चौकट आली असेल आणि ती आईच्या व्हॉट्सअ‍ॅपखाली झाकली गेली असेल.

हात वर: शिक्षकाला हा शॉर्टकट दोन वेळा लागतो

पहिला प्रसंग, तुम्ही स्वतः प्रशिक्षणात किंवा सभेत बसला आहात. Alt+Y दाबला की तुमच्या चौकटीवर पिवळा हात येतो. बोलून झालं की पुन्हा Alt+Y. हे दुसरं दाबणं जवळपास सगळेच विसरतात आणि मग "सर, आपला हात अजून वर दिसतोय" असं ऐकावं लागतं.

दुसरा प्रसंग, वर्ग तुमचा आहे. तेव्हा हात मुलांनी वर करायचा असतो आणि बरीचशी मुलं फोनवर असतात. फोनवर Alt कुठून येणार? त्यांना असं सांगा: पडद्याला एकदा बोट लावा, खाली बटणं येतील, त्यांत More असेल तिथे, किंवा तुमच्या आवृत्तीत Reactions मध्ये, Raise Hand आहे. पहिल्या तासाला पाच मिनिटं काढून सगळ्यांकडून हात एकदा वर आणि एकदा खाली करून घ्या. मी आधी हे टाळत असे. मग दर प्रश्नाला चार मुलं एकदम बोलायची आणि झूम त्यांतल्या एकाचाच आवाज धड पोचवायचं.

हात कोणी आधी वर केला हे बघायचं असेल तर Alt+U दाबून Participants ची पट्टी उघडा. हात वर केलेली मुलं यादीत वर येतात, ज्या क्रमानं हात केला त्या क्रमानं. माझ्या मते या सगळ्या सोयीचा खरा उपयोग इथंच आहे. प्रत्यक्ष वर्गात नजर पहिल्या बाकाकडे जाते, इथं ज्यानं आधी विचारलं तो वर दिसतो, मग तो कितीही अबोल असो. ज्याचं बोलून झालं त्याच्या नावावर माउस नेला की हात खाली करायचा पर्याय दिसतो. प्रश्नफेरी संपली की पट्टीच्या खालच्या तीन टिंबांतून Lower All Hands. ते केलं नाही तर पुढच्या प्रश्नाला जुने हात तसेच वर दिसतात आणि ज्यांना काहीच विचारायचं नाही त्यांची नावं पुकारली जातात.

कॅमेरा

याला फार काही नाही. Alt+V. खात्री करायची तर झूममधलं चित्र नको, लॅपटॉपच्या पडद्यावर कॅमेऱ्याशेजारी असलेला छोटा दिवा बघा. बहुतेक लॅपटॉपवर तो असतो आणि कॅमेरा चालू असला की लागतो. फोनच्या हॉटस्पॉटवरून तास घेत असाल आणि आवाज तुटायला लागला तर पहिला उपाय हाच: Alt+V नं कॅमेरा बंद. चेहऱ्याचं चित्र बरंच नेट खातं, आवाज फार थोडं. स्लाइड दिसत असताना मुलांचं त्यात काही जात नाही. स्क्रीन शेअर आणि कॅमेरा यांचा एकमेकांशी संबंध नाही. शेअर बंद केलं म्हणून कॅमेरा बंद होत नाही, आणि उलटही. "शेअर संपवलं, आता मला कोण बघतंय" असं समजून जांभई देणारे मास्तर मुलांनी पाहिलेले आहेत.

स्क्रीन: काय दाखवायचं ते आधी ठरवा

Alt+S दाबला की लगेच काही शेअर होत नाही. एक खिडकी उघडते, तिच्यात तुमच्या उघड्या असलेल्या सगळ्या गोष्टींची छोटी चित्रं असतात. शेअर सुरू होतं ते त्यांतलं एक निवडून Share दाबल्यावर. म्हणजे Alt+S चुकून दाबला गेला तरी घाबरायचं कारण नाही, Esc दाबून बाहेर या. हा शॉर्टकट झूमची बटणांची पट्टी जागी असेल तरच लागतो. नाही लागला तर Ctrl+Alt+Shift एकदम दाबा, झूमचं लक्ष त्या पट्टीकडे येतं, मग Alt+S.

त्या खिडकीत पहिलं चित्र असतं Screen, म्हणजे सगळाच पडदा. ते निवडलं तर मुलांना सगळं दिसतं: कोपऱ्यात येणारे संदेश, डेस्कटॉपवरची "सहामाही प्रश्नपत्रिका अंतिम" नावाची फाइल, सगळं. त्याऐवजी फक्त एक खिडकी निवडली तर बाकी काही उघडलं तरी मुलांना ती एकच खिडकी दिसत राहते. मी तासाला एक खिडकी निवडते. पण यात एक अडचण आहे. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू केला की तो स्वतःची वेगळी खिडकी उघडतो. तुम्ही आधी संपादनाची खिडकी शेअर केली आणि मग F5 दाबला, तर मुलांना काय दिसेल याचा भरवसा नाही. म्हणून आधी F5, मग Alt+Tab नं झूमवर, मग Alt+S, आणि यादीतून स्लाइड शोचंच चित्र निवडायचं. आणखी सोपं हवं असेल तर पॉवरपॉइंटमध्ये Slide Show मधल्या Set Up Slide Show वर जाऊन Browsed by an individual (window) निवडा. मग शो पडदाभर न पसरता साध्या खिडकीत चालतो, शेजारी झूमची यादीही दिसते.

व्हिडिओ दाखवणार असाल तर Share दाबण्याआधी त्याच खिडकीत खालच्या बाजूला Share sound ला खूण करा. ही खूण राहिली की चित्र जातं, आवाज जात नाही, आणि तुमच्या स्पीकरवर तो व्यवस्थित ऐकू येत असल्यामुळे तुम्हाला कळतही नाही.

Alt+T मला सगळ्यांत उशिरा कळला. शेअर चालू असताना तो दाबला की मुलांच्या पडद्यावर शेवटचं चित्र गोठून राहतं आणि तुम्ही आपल्या पडद्यावर काहीही करू शकता. पूर्ण पडदा शेअर करावाच लागला तर याच्याशिवाय मी कधी दुसरी फाइल उघडत नाही. पण याचीही माइकसारखीच खोच आहे: गोठवल्याचं विसरलं की तुम्ही चार स्लाइड पुढे जाता आणि मुलं मागच्याच चित्राकडे बघत असतात. वरच्या पट्टीवर शेअर थांबल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावायची. मुलांचा चेहरा कोरा दिसत असेल तर शिकवण्यात खोट काढण्याआधी ती पट्टी बघा.

एक तास, मिनिटागणिक

झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत संपते, म्हणून माझा तास 38 मिनिटांचा असतो. तो असा जातो.

मुलं येईपर्यंत माझा माइक बंद, कॅमेरा सुरू. पॉवरपॉइंट आधीच उघडलेलं, स्लाइड शो खिडकीत. तास सुरू झाला की Alt+A, नमस्कार, हजेरी. हजेरीला मी मुलांना "हजर" म्हणायला लावत नाही, Alt+U नं यादी उघडून नावं बघते. आठ मिनिटं तिथं जायची, आता दोन जातात.

तिसऱ्या मिनिटाला Mute All आणि खूण काढलेली. मग Alt+S, स्लाइड शोची खिडकी, Share sound ला खूण, Share. पुढची पंधरा मिनिटं शिकवणं. मध्ये दारावर कुणी आलं तर Alt+A, बोलून आल्यावर माइकचं चित्र बघून पुन्हा Alt+A. हा शॉर्टकट स्लाइडमधून लागतो, कारण त्याला सर्वत्र चालायची परवानगी दिलेली आहे.

अठराव्या मिनिटाला कांद्याच्या पापुद्र्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. तो ब्राउझरमध्ये असतो, म्हणून आधीचं शेअर बंद करून ब्राउझरची खिडकी नव्यानं शेअर करते. व्हिडिओ चालू असताना माझा माइक बंद, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमधून दुसऱ्यांदा जाऊन घुमतो. इथं स्पेसला हात लावायचा नाही, व्हिडिओ थांबेल.

एकविसाव्या मिनिटाला शेअर बंद. आता समोर चेहरे आहेत, झूमची खिडकी जागी आहे. मुलांना माइक सुरू करायची मुभा परत देते आणि हात वर करायला सांगते. यादीतून पहिलं नाव घेते. या भागात माझा माइक बंदच असतो आणि उत्तर द्यायचं तेव्हा स्पेस दाबून धरते. सोडला की आपोआप बंद, विसरायचा प्रश्नच नाही. पस्तिसाव्या मिनिटाला Lower All Hands, गृहपाठ, निरोप.

हे अंगवळणी पडायला मी एक रविवार घालवला होता. लॅपटॉपवर मीटिंग सुरू केली, फोनवरून दुसऱ्या नावानं तीच मीटिंग जोडली आणि फोन शेजारी ठेवला. फोन म्हणजे माझा विद्यार्थी. लॅपटॉपवर Alt+T दाबला की फोनवर काय दिसतं, स्लाइड चालू असताना Alt+A लागतो का, सगळं तिथं लगेच कळतं. फोनला मात्र आवाज जोडू नका, नाहीतर दोन्ही यंत्रं एकमेकांना ऐकून किंचाळायला लागतात.

गूगल मीटवर असाल तर

मीट ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे इथं खिडकीसोबत टॅबचाही प्रश्न येतो. माइकसाठी Ctrl+D, कॅमेऱ्यासाठी Ctrl+E, हातासाठी Ctrl+Alt+H. मीटच्या टॅबवर असताना Ctrl+/ दाबलं की शॉर्टकटची पूर्ण यादी पडद्यावर येते.

आता समजा तुम्ही शेजारच्या टॅबमध्ये ई-पुस्तक उघडून तो टॅब शेअर केला आहे आणि तिथूनच Ctrl+D दाबलं. क्रोमसाठी Ctrl+D म्हणजे हे पान बुकमार्क करा. वर छोटी चौकट येते, माइक आहे तसाच राहतो. Ctrl+E दाबलं तर कॅमेरा बंद होत नाही, कर्सर वरच्या पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसतो. यावरूनच ओळखायचं की की चुकीच्या टॅबला गेली.

झूमसारखी सर्वत्र चालायची चौकट इथं नाही, पण एक सोपी युक्ती आहे. मीटचा टॅब ओढून सगळ्यांत डावीकडे पहिला आणा. क्रोममध्ये Ctrl+1 दाबलं की पहिला टॅब समोर येतो. म्हणजे पुस्तकातून माइक बंद करायचा तर Ctrl+1, Ctrl+D, आणि पुस्तक दुसऱ्या टॅबमध्ये असेल तर परत Ctrl+2. दोन दिवसांत बोटांना याची लय सापडते. तुम्ही टॅब शेअर केला असेल तर या उडीत मुलांना काहीच हललेलं दिसत नाही, ती पुस्तकच बघत असतात. पूर्ण पडदा शेअर केला असेल तर मात्र मीटमध्ये मीट, त्यात मीट अशी आरशासमोर आरसा ठेवल्यासारखी रांग दिसते. टॅब शेअर करायचं आणखी एक कारण म्हणजे व्हिडिओचा आवाजही त्याच्यासोबत पाठवता येतो. शेअरच्या चौकटीत टॅबच्या आवाजाची खूण चालू आहे ना, तेवढं बघा.

मॅकवर मीटसाठी Ctrl च्या जागी Cmd घ्या: Cmd+D, Cmd+E, आणि हातासाठी Ctrl+Cmd+H. मॅकवरच्या झूममध्ये Cmd+Shift+A माइक, Cmd+Shift+V कॅमेरा, Cmd+Shift+S शेअर आणि Option+Y हात. टीम्स वापरणाऱ्यांसाठी Ctrl+Shift+M माइक, Ctrl+Shift+O कॅमेरा, Ctrl+Shift+K हात, Ctrl+Shift+E शेअर.

झूमचा तास संपवून लगेच मीटवर गेलात तर बोटं जुन्याच की शोधतात. माझ्या पडद्याखाली म्हणून अजून दोन चिठ्ठ्या आहेत, झूमची निळ्या शाईत आणि मीटची हिरव्या.